नाव शेवटी: चौथीतल्या मुलीच्या पहिल्या सूत्रसंचालनाचं प्रकरण

जत्रेतल्या नाटकांना मी गेली बरीच वर्षं प्रॉम्प्टिंग करतो. विंगेत स्टुलावर बसायचं, हातात वही, आणि नट अडला की दोन शब्द पुरवायचे. त्यामुळे भाचीच्या शाळेत संमेलनाचं निवेदन तिच्याकडे आलं तेव्हा बहिणीने ते सगळं बाड माझ्या पुढ्यात आणून टाकलं. भाची चौथीत, वय नऊ. घरी तिला बाय म्हणतात, इथेही तेच म्हणतो. शाळा गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली, मराठी प्राथमिक. घरी सगळे कोकणी बोलतात, शाळेत मराठी, म्हणजे आमच्याकडे असतं तसंच. माइकवर बाय यापूर्वी कधीही बोललेली नव्हती.

संहिता आठ पानांची होती, टाइप केलेली. वर्गाच्या टीचरने मनापासून लिहिली होती आणि मोठ्या माणसाने म्हटली असती तर शोभलीही असती. पहिलं वाक्य असं:

> सरस्वतीच्या या पावन प्रांगणात उपस्थित सर्व मान्यवर, गुरुजनवर्ग, पालकवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आपणा सर्वांचे मी शब्दसुमनांनी हार्दिक स्वागत करते.

मोजून एकोणीस शब्द, आणि क्रियापद एकोणिसावं. बायने ते आमच्या पडवीत उभं राहून म्हटलं. 'गुरुजनवर्ग' आणि 'पालकवर्ग' एकमेकांत अडकले, 'शब्दसुमनांनी'ला श्वास संपला आणि 'स्वागत करते' तिने जवळजवळ स्वतःशीच म्हटलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "मामा, हांव चुकलें जाल्यार?"

"चुकलें जाल्यार फुडें वच," मी म्हटलं. चुकलीस तर पुढे जा. पण खरी अडचण तिच्या चुकण्याची नव्हती. ती शाळेतल्या पहिल्या तालमीत कळली.

तालमीला मी मागच्या बाकावर बसलो होतो. दुसरीच्या मुलींची फुगडी होती. संहितेत होतं, "आता इयत्ता दुसरीच्या विद्यार्थिनी फुगडी हा पारंपरिक नृत्यप्रकार सादर करीत आहेत, तरी आपण टाळ्यांच्या गजरात त्यांचे स्वागत करूया." बायच्या तोंडून 'फुगडी' निघाल्याबरोबर साउंडवाल्या पोराने गाणं लावलं. त्याचं काय चुकलं? त्याला तेवढाच शब्द ओळखीचा होता. गाणं ऐकून मुली आत धावल्या. बाय बिचारी पाठ केल्याप्रमाणे 'पारंपरिक नृत्यप्रकार' पुढे म्हणत राहिली, कोणालाच ऐकू आलं नाही, आणि 'स्वागत करूया' म्हणताना दोन मुली तिच्या अंगावर आदळल्या. कार्यक्रमातल्या पुढच्या बाबीला उलटं झालं. साउंडवाला वाक्य संपायची वाट बघत राहिला, वाक्य कुठे संपलं ते त्याला समजेना, आणि रंगमंच बराच वेळ रिकामा.

निवेदनाची ओळ प्रेक्षकांना माहिती देते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तीच ओळ पडदा ओढणाऱ्याला, साउंडवाल्याला आणि विंगेत मुलांना धरून उभ्या असलेल्या टीचरला खूणही देत असते. या तिघांना वाक्याचा अर्थ नको असतो, एक ठरलेला शब्द हवा असतो. मराठीत अडचण अशी की आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. 'सादर करीत आहेत', 'विनंती करते', 'स्वागत करूया' अशी दर बाबीला तीच तीच शेपटं येतात आणि बाबीचं नाव मधे कुठेतरी दडून बसतं. त्यात लहान मुलाचा आवाज वाक्याच्या शेवटी पडतो, श्वास संपलेला असतो म्हणून. म्हणजे वाक्य संपलं हे सांगणारा शब्दच सगळ्यांत हळू येतो.

म्हणून आम्ही एकच नियम धरला. बाबीचं नाव ओळीत एकदाच येईल आणि सगळ्यांत शेवटी येईल. त्याच्या आधी एक श्वास. कार्डावर त्या श्वासाची आडवी रेघ.

फुगडीचं नवं कार्ड असं झालं:

> आता दुसरीच्या मुली.
> हातात हात,
> गिरकीवर गिरकी.
> पाहूया — फुगडी!

घुमटाचं असं:

> मातीचं मडकं,
> तोंडावर कातडं.
> चौथीचे मुलगे वाजवणार.
> ऐका — घुमट!

आणि सुरुवातीचं ते एकोणीस शब्दांचं वाक्य काढून:

> नमस्कार!
> मी चौथीत शिकते.
> आज आमच्या शाळेचं संमेलन.
> महिनाभर तयारी केलीय.
> तुम्ही सगळे आलात,
> खूप बरं वाटलं.

टीचरना हे फार साधं वाटलं. "पालक काय म्हणतील, पावन प्रांगण नाही, शब्दसुमनं नाहीत," असं त्या हसत म्हणाल्या, पण त्यांना ते लागलं असावं. मी म्हटलं, औपचारिक भाग तुम्ही घ्या, तिथे सगळी सुमनं वाहा. ते त्यांनाही पटलं, आणि माझ्या मते हाच सगळ्यांत शहाणा निर्णय झाला. पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ, अहवाल, बक्षिसं, आभार हे टीचरकडे गेलं. सुरुवातीचं स्वागत, समई पेटवण्याची एक ओळ, सांस्कृतिक कार्यक्रमाच्या नऊ बाबी आणि राष्ट्रगीत एवढं बायकडे राहिलं. मान्यवरांची नावं, पदं आणि त्यांचा क्रम नऊ वर्षांच्या पोरीच्या गळ्यात बांधू नये. कोण आला, कोण आला नाही, आमदारांच्या जागी कोण आलं हे शेवटच्या क्षणापर्यंत बदलतं, आणि एखाद्या पंचांचं आडनाव चुकलं तर ते तिला पुढची दहा वर्षं ऐकवलं जाईल.

ओळी कुठे मोडायच्या याकडे मी बराच वेळ दिला. छापील पानात ओळ कागद संपला की मोडते. मूल तिथेच श्वास घेतं, अर्थ तुटला तरी. म्हणून कार्डावर जिथे श्वास तिथेच ओळ मोडायची, मग कागद अर्धा रिकामा राहिला तरी हरकत नाही. एका ओळीत तीन-चार शब्द. एका कार्डावर एकच बाब. जाड पुठ्ठा, पोस्टकार्डाएवढा, मागची बाजू कोरी, वर कोपऱ्यात मोठा आकडा. अक्षर बायचंच. दुसऱ्याच्या अक्षरापेक्षा स्वतःच्या अक्षरात ती कमी अडखळत होती, हे दोन्ही प्रकारांनी वाचायला लावून बघितलं होतं.

एक चूक मात्र मी केली. काय करायचं तेही मी ओळींखालीच लिहिलं होतं, कंसात. दुसऱ्या तालमीत बायने समईचं कार्ड वाचलं आणि त्याच सुरात, माइकवर, स्पष्ट म्हणाली, "टाळ्या थांबेपर्यंत थांब." सगळी शाळा हसली. बायच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दोष माझा होता. मूल घाबरलेलं असतं तेव्हा कंस दिसत नाही, शाईचा रंगही दिसत नाही. अक्षर दिसलं की ते वाचतं. मग करायच्या गोष्टी अक्षरांत लिहायच्याच नाहीत असं ठरवलं. थांबायचं असेल तिथे उघडा पंजा काढला, समईच्या जागी छोटी समई, रंगमंचावरून बाजूला व्हायचं तिथे बाण. चित्रं बायनेच काढली. पंजाला सहा बोटं झाली एका कार्डावर, ती तशीच ठेवली.

माइकचं थोडक्यात सांगतो. मोठी माणसं येतात, स्टँड वर ओढतात, बोलून जातात. मग मूल येतं आणि माइक त्याच्या कपाळाच्या वर. बायसाठी वेगळा स्टँड घेतला, पडद्याच्या पुढे डाव्या कोपऱ्यात, माइक तिच्या हनुवटीच्या उंचीला लावून, तोंडापासून चार बोटं. जमिनीवर चिकटपट्टीची फुली. त्या स्टँडला कोणी हात लावायचा नाही, हे साउंडवाल्याला दोनदा सांगितलं. तरी पहिल्यांदा मोठ्या स्पीकरवर स्वतःचा आवाज ऐकून बाय थबकली. बोललेलं थोड्या उशिराने परत येतं, मूल त्याच्या मागे जायला लागतं, शब्द लांबवायला लागतं. "नमस्काऽऽर" असं व्हायला लागलं की समजावं. एकदाच, पण खऱ्या साउंडवर, सगळी कार्डं वाचून घेतली की ते जातं. घरी कितीही घोकलं तरी हे जात नाही.

आता प्रत्यक्ष दिवस. शनिवार संध्याकाळ, साडेपाचची वेळ, शाळेपुढे मंडप. साडेपाचला प्रमुख पाहुणे नाहीत. सहाला नाहीत. खुर्च्यांवर छोटी मुलं पेंगायला लागली, शेंगदाणे फिरायला लागले. टीचर विंगेत येऊन मला म्हणाल्या, "समई मागाहून करू. स्वागत झालं की फुगडी आणि गोफ पुढे घेऊया."

इथे आमची दुसरी चूक उघडी पडली. वाऱ्याने उडू नयेत म्हणून कार्डांना भोक पाडून सुतळीत ओवलं होतं, घट्ट गाठ मारून. बाय मंचावर गेली, नमस्काराचं कार्ड झकास म्हणाली, आणि कार्ड उलटलं तर खाली समईचं. मी विंगेतून पाचव्या कार्डाची पाच बोटं दाखवत होतो. तिने उलटायला सुरुवात केली, सुतळीला पीळ पडला, दोन कार्डं उलटी झाली आणि कोऱ्या बाजूकडे बघत ती उभी राहिली. मला वाटतं सात-आठ सेकंदच गेले असतील. विंगेत ते फार लांब असतात. शेवटी तिच्या नजरेला जे पडलं ते तिने वाचलं. "पाहुण्यांना विनंती. आता उजळूया…" आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून थांबली. 'समई' म्हणाली नाही. म्हणाली असती तर साउंडवाल्याने श्लोक लावला असता. इतकी घाबरूनही शेवटचा शब्द तिने राखून ठेवला. का, असं नंतर विचारलं तर म्हणाली, "मनीस नासलो न्ही थंय!" तिथे माणूसच नव्हता ना.

बाण नसतानाही ती आत आली. वेशभूषेच्या डब्यातली कात्री घेऊन मी सुतळी कापली, फुगडीचं एकच कार्ड तिच्या हातात दिलं आणि बाकीचा गठ्ठा माझ्याकडे ठेवला. तिथून शेवटपर्यंत तसंच चाललं. बाब संपली की ती विंगेशी येई, वाचलेलं कार्ड मला देई, मी पुढचं तिच्या हातात ठेवी. क्रम बदलला तरी तिला कळायचीही गरज उरली नाही. हे आधी सुचायला हवं होतं, नाटकात मी दुसरं काय करतो? फक्त याला एक माणूस पूर्ण वेळ विंगेत लागतो, ज्याच्याकडे दुसरं काहीही काम नाही. पडदाही ओढायचा आणि कार्डंही द्यायची असं केलं की संपलं. शिवाय तिची ये-जा डाव्या विंगेतून आणि नाचाच्या मुलांची उजव्या, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. आमचं ते योगायोगानेच ठरलेलं होतं.

पाहुणे सव्वासहाला आले, समई पेटली, औपचारिक भाग टीचरने सांभाळला. मग पुन्हा बाय.

राखीव कार्डांची गंमत इथे झाली. मुलं तयार नसतात, कोणाची आबोलीची वेणी सुटते, कोणाला लघवी लागते, हे होणारच. त्यासाठी हिरव्या कडेची चार कार्डं केली होती. विनोद किंवा सुविचार घेतले नव्हते, कोडी घेतली होती. विनोदाला कोणी हसलं नाही तर मूल कोमेजतं. कोड्यात उत्तर प्रेक्षक देतात आणि तेवढा वेळ मूल नुसतं उभं राहू शकतं. एक असं होतं:

> एक कोडं घालते.
> पावसात उघडतं,
> घरात आलं की मिटतं.
> सांगा कोण?

मागून एक बाई ओरडल्या, "आमचो घोव!" म्हणजे आमचा नवरा. मंडप अर्धा मिनिट हसत होता. बायला त्यातलं किती कळलं देव जाणे, पण कार्डावर पंजा होता, म्हणून ती थांबली, आणि शांत झाल्यावर तितक्याच गंभीरपणे म्हणाली, "छत्री." त्याला दुप्पट हशा.

दुसरं हिरवं कार्ड मात्र फसलं. त्यात कोडं घालण्याआधी मी एक ओळ घातली होती, कारण न सांगता कोडं सुरू झालं तर विचित्र वाटेल असं मला वाटलं होतं. ओळ होती, "घुमटाचे मुलगे तयार होतायत, तोवर एक कोडं." साउंडवाल्याच्या कागदावर लिहिलेलं होतं: 'घुमट' ऐकलं की उजवीकडचे दोन माइक चालू. 'घुमटाचे' म्हणताच त्याने माइक चालू केले आणि विंगेत मुलांचं "अरे माझी पँट खंय गेली?" सगळ्या गावाने ऐकलं. नियम माझा आणि मोडलाही मीच. बाबीचं नाव ओळीत एकदाच असून भागत नाही, तिच्या आधीच्या कुठल्याही कार्डावर ते नसावं. राखीव कार्डावर तर मुळीच नको, कारण ते वापरलं जातं तेव्हा सगळे त्याच एका शब्दाची वाट बघत टपलेले असतात.

बाय अडली एकूण दोनदा. एकदा समईला, ते सांगितलं. दुसऱ्यांदा घुमटाच्याच कार्डाला, 'चौथीचे मुलगे' इथे, कारण तिचेच वर्गमित्र पँट सापडल्यावर विंगेतून तिला वेडावत होते. प्रॉम्प्टिंगचा माझा जुना हिशेब असा की मनात तीन मोजायचे. बरेचदा दोनवरच माणसाला आठवतं, आणि आपण आधी बोललो तर दोन आवाज एकदम येतात. तीन झाले की पुढचे दोन शब्द द्यायचे, जास्त नाही. पूर्ण ओळ दिली तर मूल वळून ऐकत बसतं, माइक सुटतो. मी म्हटलं, "मुलगे वाजवणार." तिने उचललं. 'ऐका' म्हणून श्वास घेतला, आणि 'घुमट' असं म्हणाली की मागच्या शेंगदाणेवाल्याने मान वर केली. शब्द ट वर तुटतो, त्यामुळे तो खणखणीत लागतो. फुगडीचंही तसंच, शेवटचा ई लांब खेचता येतो. उलट आमच्या यादीत 'प्रार्थना नृत्य' नावाची एक बाब होती, ती दर वेळी विरून जायची. टीचरना सांगून कार्डावर तिचं नाव 'दिव्यांचा नाच' केलं, पत्रिकेवर जुनंच राहिलं.

मराठीचं म्हणाल तर ताणाखाली ती दोन-तीनदा 'शाळेचं'ऐवजी 'शाळेचें' म्हणून गेली. टीचरनी माझ्याकडे बघितलं. मी कार्डांकडे बघितलं. मंडपातल्या कोणाला ते खटकलं असेल असं मला वाटत नाही. अर्धा मंडप तसंच बोलतो. तालमीत ते सुधारायला गेलो होतो तेव्हा तिचा आवाजच बारीक झाला होता, म्हणून सोडून दिलं होतं.

शेवटचं कार्ड राष्ट्रगीताचं. त्यावर उद्गारचिन्ह नाही आणि सावधान उभ्या माणसाचं चित्र आहे:

> आता सगळे
> उभे राहूया.
> — राष्ट्रगीत.

'उभे राहूया' नंतरची रेघ इथे मुद्दाम लांब काढलीय. खुर्च्या सरकायला, मांडीवरची मुलं खाली उतरवायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात सूर सुरू झाले तर निम्मे लोक पहिली ओळ उठता उठता म्हणतात. बायने मंडपातला खुर्च्यांचा आवाज थांबेपर्यंत वाट बघितली, मग शब्द म्हटला. बावन्न सेकंद ती फुलीवर ताठ उभी होती, कार्ड पाठीमागे धरून.

ती कार्डं आता शाळेत आहेत, चावीच्या मोठ्या रिंगमध्ये, म्हणजे हवं ते काढता येतं. यंदाच्या चौथीतल्या मुलाला ती दिली आहेत. स्वतःची कार्डं तो स्वतःच्या अक्षरात करणार आहे, ही नुसती बघायला. हिरव्या गठ्ठ्यातल्या दुसऱ्या कार्डावर 'घुमटाचे मुलगे' या ओळीवर बायने लाल पेनाने तीन रेघा मारल्या आहेत आणि बाजूला सहा बोटांचा पंजा काढला आहे.